फोनवरचा निळा ठिपका किती खरा?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात क्लब हाऊसमध्ये दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगितलंय की पंधरा मिनिटांत संपवा, कारण नंतर जेवण आहे. म्हणून थेट मुद्द्यावर येतो. माझं आयुष्य जमीनमोजणीच्या कामात गेलं. आधी साखळी आणि टेप, मग दुर्बीण आणि शेवटची पंधरा वर्षं उपग्रहावरून मोजणारी यंत्रं. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात जे घडलं, त्याचं कारण शोधायचं काम कमिटीने माझ्याकडे दिलं.

काय घडलं ते बहुतेकांना माहीत आहे. रात्री साडेआठच्या सुमाराला बी विंगमधल्या आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांच्या नातीने प्रसंगावधान राखून रुग्णवाहिका बोलावली, खाली आली आणि बी विंगच्या दारात उभं राहून चालकाला फोनवरून लोकेशन पाठवलं. रुग्णवाहिका वेळेत निघाली, पण पोचली ती आपल्या भिंतीपलीकडच्या नव्या टॉवरच्या फाटकाशी. ते फाटक मागच्या रस्त्यावर. तिथून वळसा घालून आपल्याकडे यायला अकरा मिनिटं गेली. आजोबा आज पहिल्या रांगेत बसलेत, हे आपलं भाग्य. पण त्या मुलीला अजून वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं. तिचं काही चुकलं नाही आणि चालकाचंही नाही. तो ठिपका दाखवेल तिथे गेला. चुकला तो ठिपका. आणि तो का चुकला, हे आपल्या आवारात उभं राहून नीट समजतं.

फोन स्वतःची जागा कशी शोधतो ते आधी बघू. जीपीएसचे उपग्रह आपल्यापासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत एवढंच सांगत असतो, की मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत. तो संदेश खाली यायला सेकंदाचा साधारण चौदावा भाग लागतो. किती वेळ लागला यावरून फोन त्या उपग्रहापर्यंतचं अंतर काढतो. निदान चार उपग्रहांची अंतरं मिळाली की जागा ठरते. तीन जागेसाठी आणि चौथं फोनच्या साध्या घड्याळाची चूक काढण्यासाठी. फोनला कोणती दिशा कळत नाही, कोणता रस्ता दिसत नाही. त्याच्या हातात फक्त अंतरं असतात. आणि ही अंतरं काढताना त्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की संदेश सरळ रेषेत आलाय.

आता बी विंगच्या दारात उभे राहा. पाठीशी आपली सात मजली इमारत, पाच मीटरवर. समोर कंपाउंडची भिंत आणि त्यापलीकडे टॉवरची काचेची बाजू, साधारण पंचवीस मीटरवर. सोसायटी बांधली तेव्हा तिथे बैठी गोडाऊनं होती, आता तीस मजले आहेत. समजा एक उपग्रह बी विंगच्या मागच्या बाजूला, आकाशात ६० अंशांवर आहे. त्याच्या आणि आपल्या मधे बी विंग येते, म्हणजे सरळ रेषेतला संदेश अडला. पण तोच संदेश बी विंगच्या वरून पुढे जातो, टॉवरच्या चौदाव्या मजल्याच्या आसपास काचेवर आपटतो आणि परत फिरून आपल्या फोनवर येतो. फोनला वाटतं, मिळाला संदेश! पण तो जास्तीचं अंतर चालून आलेला असतो. किती जास्त? भिंतीपर्यंतच्या अंतराची दुप्पट करायची आणि उपग्रहाच्या उंचीच्या कोनाच्या कोज्याने गुणायचं. पंचवीसची दुप्पट पन्नास, ६० अंशांची कोज्या अर्धी, म्हणजे पंचवीस मीटर. वेळेत मोजलं तर ही चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागापेक्षाही कमी आहे. पण जमिनीवर तेवढ्यात कंपाउंडची भिंत ओलांडली जाते.

घरच्या आरशाचं उदाहरण घ्या. आरशात आपण आरशाच्या पलीकडे उभे दिसतो. उपग्रहाच्या दृष्टीने काचेच्या टॉवरमुळे आपला फोनही टॉवरच्या पलीकडे उभा असतो. एकाच उपग्रहाचं अंतर असं फसलं, तर बाकीचे उपग्रह ठिपक्याला थोडंफार सावरतात. पण बी विंगच्या बाजूचं सगळंच आकाश झाकलेलं असल्यामुळे तिकडचे बरेचसे उपग्रह असे वळसा घालूनच ऐकू येतात आणि सगळे मिळून ठिपक्याला एकाच दिशेला, टॉवरकडे ढकलतात. म्हणूनच त्या रात्री लोकेशन टॉवरच्या आवारात पडलं.

यातून दुसरीही गोष्ट निघते. दोन इमारतींच्या मधे उभं राहिलं की आकाशाची फक्त एक लांबट पट्टी दिसते, रस्त्याच्या दिशेने. त्या दिशेचे उपग्रह सरळ ऐकू येतात. त्यामुळे रस्त्याच्या लांबीत ठिपका बऱ्यापैकी बरोबर असतो आणि आडवा मात्र भरकटतो. नेमकं हेच आपल्याला महाग पडतं, कारण आडवं भरकटणं म्हणजे शेजारचं आवार, वेगळं फाटक, वेगळा रस्ता.

मग ठिपका किती खरा, हे ओळखायचं कसं? बहुतेक जण त्याच्याभोवतीच्या फिकट निळ्या वर्तुळाकडे बघतात. वर्तुळ लहान म्हणजे ठिपका अचूक, असं आपण धरून चालतो. दोन कारणांनी हे पूर्ण खरं नाही. पहिलं म्हणजे, अँड्रॉइड फोनमध्ये या अचूकतेच्या आकड्याची व्याख्याच अशी आहे की खरी जागा त्या अंतराच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे सगळं सुरळीत असतानाही दर तीन वेळांत साधारण एकदा आपण वर्तुळाबाहेर असणार. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. वर्तुळ हा फोनचा स्वतःबद्दलचा अंदाज आहे. काचेवरून आलेला संदेश सरळ आलाय असंच त्याला वाटत असेल, तर तो चुकीच्या जागी आत्मविश्वासाने छोटं वर्तुळ काढतो.

हे मी मोजून पाहिलं. समोरच्या मैदानातल्या क्रिकेटच्या पिचचा एक कोपरा उपग्रहाच्या चित्रात स्पष्ट दिसतो. तिथे वेगवेगळ्या वेळी दहा वेळा लोकेशन घेतलं. फोन चार मीटरची अचूकता सांगत होता आणि दहापैकी सात वेळा चूक खरोखर चार मीटरच्या आत होती. म्हणजे उघड्यावर फोन प्रामाणिक आहे. मग मुख्य फाटकाच्या खांबापासून टेपने मोजत बी विंगच्या दाराशी खडूने फुली मारली आणि तिथेही दहा वेळा तेच केलं. फोन म्हणाला, आठ मीटर. प्रत्यक्ष चुका अशा होत्या: ४, ६, ९, ११, १२, १४, १७, १८, २२ आणि ३१ मीटर. आठच्या आत दोनच! दहापैकी आठ वेळा ठिपका टॉवरच्या बाजूला गेला होता. ३१ मीटरची चूक आली तेव्हा मी नुकताच पार्किंगच्या छताखालून बाहेर आलो होतो आणि फोनने उपग्रह नीट पकडलेच नव्हते. नकाशातलं चित्रसुद्धा दोन-तीन मीटर सरकलेलं असू शकतं, म्हणून तेवढ्या फरकावरून मी भांडणार नाही. पण सतरा आणि बावीस मीटरचा दोष चित्रावर टाकता येत नाही.

इथे मीही एकदा फसलो, तेही सांगतो. रात्री आठ वाजता घेतलेलं लोकेशन दुसऱ्या दिवशी आठ वाजता पुन्हा घेतलं, तर दोन्ही एकमेकांपासून जेमतेम तीन मीटरवर. मला वाटलं, चला, एक तरी जागा पक्की झाली. पण दोन्ही खऱ्या जागेपासून जवळजवळ सारखीच लांब होती. कारण जीपीएसचे उपग्रह २३ तास ५६ मिनिटांत पृथ्वीभोवती दोन फेऱ्या पूर्ण करतात. म्हणून रोज त्याच वेळी ते आकाशात जवळपास त्याच जागी असतात, त्याच काचेवरून संदेश परततो आणि तीच चूक पुन्हा होते. तेव्हा दोनदा सारखं उत्तर आलं म्हणजे ते बरोबर, असं समजू नका. पडताळायचं असेल तर सकाळी, दुपारी आणि रात्री असं वेगवेगळ्या वेळी बघा.

आणखी दोन फसव्या खुणा आहेत. एक म्हणजे लोकेशनचे लांबलचक आकडे. दशांश चिन्हापुढचा सहावा अंक म्हणजे जमिनीवर साधारण अकरा सेंटिमीटर. फोन सहा अंक लिहितो म्हणून त्याला सेंटिमीटर कळतात, असं होत नाही. दुसरी, गाडी चालवताना ठिपका रस्त्यावरून सुरेख सरकताना दिसतो. तिथे ॲपच त्याला जवळच्या रस्त्यावर आणून बसवत असतं, चूक आत झाकली जाते.

सेक्रेटरी साहेबांनी विचारलं, की महाग फोन घेतला तर हा प्रश्न सुटेल का? नवे काही फोन एल-५ नावाची दुसरी लहरही ऐकतात. सरळ आणि परतलेला, असे दोन्ही संदेश आले तर त्यांना वेगळं करणं या लहरीत सोपं जातं, त्यामुळे फायदा होतो. पण सरळ संदेश मुळात आलाच नाही, आला तो फक्त काचेवरचा, तर महागड्या फोनलाही तुलना करायला काही नसतं. आपल्या बी विंगच्या दाराची अडचण नेमकी हीच आहे.

म्हणून कमिटीने साधा उपाय केलाय. मुख्य फाटकाबाहेर रस्ता रुंद आहे, आकाश मोकळं आहे. तिथे चार दिवस वेगवेगळ्या वेळी मोजून, चित्राशी ताडून फाटकाची एक जागा पक्की केली. तो पिन सगळ्या विंगच्या ग्रुपवर पाठवलाय आणि प्रत्येक लिफ्टशेजारी त्याचा क्यूआर कोड लावलाय. अडचणीच्या वेळी ‘करंट लोकेशन’ पाठवू नका, हा पिन पाठवा. सोबत विंग आणि मजला लिहा आणि वॉचमनला इंटरकॉमवरून सांगा, म्हणजे तो फाटकाबाहेर येऊन उभा राहील. बाहेर कुठे असताना लोकेशन पाठवावंच लागलं, तर छताखालून उघड्यावर या, एक मिनिट थांबा आणि ठिपका रस्त्याच्या योग्य बाजूला आहे ना, हे डोळ्यांनी बघून मगच पाठवा.

आता लिफ्टशेजारचा तो कागद जेवायला जाताजाता एकदा स्कॅन करून ठेवा, एवढीच विनंती. आजोबांनी मघाशीच तो माझ्यासमोर स्कॅन केलाय.