आठवड्याचा पगार, महिन्याचा हिशेब

मंडळी, तुमच्यापैकी पुष्कळांना पगार आठवड्याला मिळतो. करार मात्र काही महिन्यांचा असतो. अशा वेळी एकूण किती पैसे हाती येतील, हे आधी काढायचं कसं, ते आज सांगतो. आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो.

माझे चुलतभाऊ सरकी काढण्याच्या जिनिंगमध्ये हंगामी कामाला लागले. २०२४ साली भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, सोमवारी ते कामावर गेले. करार होता २६ आठवड्यांचा. आठवड्याचा पगार ३,००० रुपये. सोमवार ते रविवार असा आठवडा, आणि पगार रविवारी हातात.

वहिनी नुकत्याच लिहायला शिकल्या होत्या. त्यांनी वही घेतली. प्रत्येक महिन्याला एक पान दिलं आणि त्या पानावर त्या महिन्यातले आठवडे मांडले. नोव्हेंबरच्या पानावर ४ आले, डिसेंबरच्या पानावर ६. जानेवारी ५, फेब्रुवारी ५, मार्च ६, एप्रिल ५ आणि मे १. बेरीज झाली ३२ आठवडे. बत्तीस त्रिक शहाण्णव. म्हणजे ९६,००० रुपये!

घरखर्चाला ६६,००० लागतील, ३०,००० उरतील, असं धरून भाऊंनी घरावर घालायचे पत्रे उधारीवर आणले. उधारी ३०,००० रुपयांची. हंगाम संपला, तेव्हा उरले १२,०००. दुकानदाराचे १८,००० अंगावर राहिले. भाऊ म्हणाले, "मुकादमानं पैसे खाल्ले." पण मुकादमानं एक पैसा खाल्ला नव्हता. चूक वहीत होती.

ती कुठं होती ते पाहा. २५ नोव्हेंबरला, सोमवारी एक आठवडा सुरू झाला आणि १ डिसेंबरला, रविवारी संपला. वहिनींनी तो नोव्हेंबरच्या पानावर लिहिला. डिसेंबरचा एक दिवस त्यात होता, म्हणून डिसेंबरच्या पानावरही लिहिला. आठवडा एक, पगार एक, पण वहीत दोनदा! असे दोन महिन्यांत पाय असलेले आठवडे त्या करारात सहा होते. सहा आठवड्यांचे १८,००० रुपये कागदावर वाढले.

यावर उपाय सोपा आहे. आठवडा सुरू कधी झाला ते पाहू नका. पगार ज्या दिवशी हातात पडतो तो वार पाहा. तो वार ज्या महिन्यात येतो, त्याच महिन्यात तो आठवडा धरा. कॅलेंडरवर पगाराच्या प्रत्येक रविवारी क्रमाने आकडा घाला : १, २, ३... भाऊंचे रविवार असे निघाले : नोव्हेंबर ३, डिसेंबर ५, जानेवारी ४, फेब्रुवारी ४, मार्च ५, एप्रिल ४, मे १. बेरीज २६. शेवटच्या रविवारी, ४ मेला, २६ हाच आकडा पडला. करारात जितके आठवडे, तितकाच शेवटचा आकडा आला पाहिजे. जास्त आला तर कुठंतरी दोनदा धरलं आहे. २६ आठवड्यांचे झाले ७८,००० रुपये. अर्थात, खाडा झाला तर तितके कमी.

आता कोणी विचारील, "महिन्याचा पगार किती?" महिना म्हणजे चार आठवडे, असं धरून १२,००० सांगू नका. चार आठवड्यांचे दिवस २८ होतात, महिना बहुधा ३० किंवा ३१ दिवसांचा असतो. वर्षात आठवडे ५२. म्हणून ३,००० ला ५२ ने गुणा, १,५६,००० होतात. त्यांना १२ ने भागा. महिन्याला १३,००० पडतात.

इथंच दुसरी फसगत होते. भाऊ म्हणाले, "महिना १३,०००, सहा महिन्यांचे ७८,०००. शिवाय डिसेंबरात आणि मार्चात पाच-पाच पगार, त्यांचे ६,००० वेगळे." वेगळे कसे? चार आठवड्यांचे १२,००० होतात. वर जे हजार आहेत, ते पाचव्या पगाराचेच आहेत. बाराही महिन्यांवर वाटलेले, इतकंच. ते पुन्हा मिळवायचे नाहीत.

आणि वर्षाची कमाई? १,५६,००० हा आकडा वर्षभर काम असेल तरच खरा. भाऊंचा करार २६ आठवड्यांचा. उरलेल्या दिवसांत दुसरं काम मिळालं नाही, तर त्या बारा महिन्यांची कमाई ७८,०००, म्हणजे महिन्याला ६,५००. कर्जाचा हप्ता बारा महिने भरायचा असेल, तर तो १३,००० कडे पाहून नव्हे, ६,५०० कडे पाहून ठरवा.

पुढच्या हंगामात करार २४ आठवड्यांचा झाला. वहिनींनी आधी कॅलेंडर खाली काढलं, रविवारी आकडे घातले आणि २४ भोवती गोल केला. मग भाऊंना म्हणाल्या, "आता सांगा, दुकानदाराला किती कबूल करायचे?"