फोटोत न दिसणारी गोष्ट

आम्ही अंधेरीहून बोलतोय. आमच्या गटाच्या बैठकीत हिशेब लिहून झाला की कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचा विषय निघतोच. मग एखादी म्हणते, "रंग सावळा असला म्हणून काय झालं? आत्मविश्वास असला की मुलगी छानच दिसते." हे खरं, की नुसती मनाची समजूत?

इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही तरुणांना त्यांनी अंगावर मारायचे स्प्रे दिले. डबे सारखेच, पण निम्म्यांच्या स्प्रेला सुगंध होता आणि निम्म्यांच्या नव्हता. काही दिवसांनी सुगंधवाल्यांना स्वतःबद्दल जास्त खात्री वाटू लागली. मग प्रत्येकाचं थोडं चित्रण केलं आणि आवाज बंद करून ते बायकांना दाखवलं. पडद्यातून वास थोडाच येतो! तरी बायकांना सुगंधवाले जास्त आकर्षक वाटले. पण त्याच तरुणांचे नुसते फोटो दाखवले, तेव्हा दोन्ही गटांत काहीच फरक दिसला नाही.

म्हणजे चेहरा बदलला नव्हता, वागणं बदललं होतं. मान कशी धरली, नजर कुठे ठेवली, हात कसे हलले, हे हलत्या चित्रात उतरलं. फोटोत ते उतरतच नाही. आणि आपल्याकडे पहिली चाळणी कशाची? बायोडेटाला लावलेल्या फोटोची. तिथे आत्मविश्वासाचा काही उपयोग नाही, हे आपण मुलींना खरं खरं सांगावं.

जाहिरातींनी तर आपल्याला उलटा क्रम शिकवला. आमच्याच अंधेरीत चकाल्याला ज्या कंपनीचं मुख्य कार्यालय आहे, तिने १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणलं. आधी गोरा रंग, मग नोकरी, मग ताठ मान, असं त्या जाहिराती वर्षानुवर्षं दाखवत आल्या. महिला संघटनांनी तक्रारी केल्या, २००३ मध्ये काही जाहिराती बंदही झाल्या. नावातलं 'फेअर' मात्र २०२० मध्ये गेलं.

आणखी एक. त्या प्रयोगात पुरुषांना बायकांनी पाहिलं होतं. आपल्याकडे मुलगी नजरेला नजर देऊन बोलली, की चहाचे कप उचलायच्या आत "फारच बोलते हो" असंही ऐकू येतं. जे वागणं मुलात रुबाबदार वाटतं, त्यालाच मुलीत आगाऊपणा म्हणतात. तेव्हा पाहणारं कोण, यावरही बरंच ठरतं.

आमच्या गटातल्या एका आईने यंदा वेगळंच केलं. स्थळांना फोटो न पाठवता, "आधी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं मुलीशी बोला," असं कळवलं. दोन घरांनी फोटोचाच हट्ट धरला आणि विषय तिथेच संपला. तिसऱ्या घरचा मुलगा दहा मिनिटांऐवजी पाऊण तास बोलला. रविवारी ती मंडळी घरी येणार आहेत.