मुद्दल कुठले आणि तत्त्व कुठले? ईमेलमधल्या फसव्या जोड्या

आम्ही अकलूजहून बोलतो आहोत. माळशिरस तालुक्यातल्या बऱ्याच गटांचा पत्रव्यवहार आता मोबाईलवरून होतो. बँकेचा ईमेल येतो, कॉलेजला दरपत्रक जाते, यंत्राच्या दुकानातून कोटेशन येते. या पत्रांत काही इंग्रजी शब्द जोडीने फसवतात. कानाला दोन्ही सारखेच लागतात, पण लिहायचे वेगळे आणि अर्थही वेगळा. आज अशा दोनच जोड्या नीट समजून घेऊ.

हा प्रकार आपल्याला नवा नाही. मराठीत 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, लाचार. बोलताना फरक कळत नाही, पण फलकावर 'महिला दीन' लिहिले तर सगळा अर्थच उलटतो. इंग्रजीतले 'प्रिन्सिपल' तसेच आहे. एका प्रिन्सिपलच्या शेवटी पी-ए-एल येते, दुसऱ्याच्या शेवटी पी-एल-ई. मराठी अक्षरांत लिहिले तर दोन्ही एकच दिसतात, म्हणून आज आपण इंग्रजी अक्षरे सुटी करून सांगणार आहोत. जवळ वही असेल तर लिहून घ्या.

पी-ए-एलचे प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल. कॉलेजच्या प्राचार्यांनाही हाच शब्द, आणि 'मुख्य' या अर्थानेही हाच. पी-एल-ईचे प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व, नियम. लक्षात ठेवायला सोपी खूण अशी: भांडवलाला इंग्रजीत कॅपिटल म्हणतात आणि त्याच्या शेवटी ए-एल येते, म्हणून मुद्दलाच्या शेवटीही ए-एल. नियमाला रूल म्हणतात आणि त्याच्या शेवटी एल-ई येते, म्हणून तत्त्वाच्या शेवटीही एल-ई.

आता हा फरक पैशाच्या व्यवहारात कुठे येतो ते पाहू. समजा, एका गटाने शेवयांच्या यंत्रासाठी दोन लाखांचे मुदत कर्ज मागितले. बँकेचा इंग्रजी ईमेल आला. त्यात दोन लाखांचा आकडा आहे, 'सॅन्क्शन' म्हणजे मंजुरी हा शब्द आहे, आणि त्याच्या आधी लिहिले आहे 'इन प्रिन्सिपल'. कुणीतरी मोठ्याने वाचले आणि बायकांनी अर्थ लावला, "प्रिन्सिपल मंजूर, म्हणजे मुद्दल मंजूर झाले!" दुसऱ्या दिवशी यंत्रवाल्याला पंचवीस हजार आगाऊ देऊन ऑर्डर पक्की केली.

पण तिथे शेवटी पी-एल-ई आहे. 'इन प्रिन्सिपल सॅन्क्शन' म्हणजे तत्त्वतः मंजुरी. बँक म्हणते, तुमचा प्रस्ताव आम्हाला पटला, कर्ज देण्याचा विचार आहे, पण अजून कागद तपासायचे आहेत. त्याच पत्रात बहुतेक वेळा 'सब्जेक्ट टू' असे शब्द येतात, म्हणजे 'पुढील अटींवर'. त्या अटींत गटाचा ठराव, सदस्यांची कागदपत्रे, जुन्या कर्जाची परतफेड, जागेची पाहणी असे काही असू शकते. त्यातली एक अट अडली तर कर्ज लांबते, कधी नाकारलेही जाते. मग आगाऊ दिलेले पंचवीस हजार परत मिळवायला यंत्रवाल्याच्या दारात खेटे घालावे लागतात.

अंतिम मंजुरीचे पत्र वेगळे असते. त्यात रक्कम, व्याजाचा दर, मुदत आणि हप्ता स्पष्ट लिहिलेला असतो, आणि गटाच्या सह्या मागितलेल्या असतात. त्यानंतरची पायरी म्हणजे रक्कम प्रत्यक्ष वितरित होणे. म्हणून ईमेल आला की आधी शेवटची तीन अक्षरे बघा आणि मग 'सब्जेक्ट टू' शोधा. तरीही शंका राहिली तर शाखेला सरळ मराठीत विचारा: "ही मंजुरी तत्त्वतः आहे की अंतिम?" उत्तर लेखी मागा. ते येईपर्यंत कुणाला आगाऊ रक्कम देऊ नका.

आता पी-ए-एलकडे वळू. समजा कर्ज मिळाले: दोन लाख रुपये, वर्षाला १२ टक्के, २४ महिने. हप्ता साधारण ९,४१५ रुपये बसतो. पहिल्या महिन्याचे व्याज दोन लाखांवर एक टक्का, म्हणजे २,००० रुपये. उरलेले ७,४१५ मुद्दलात जातात. मग मुद्दल राहते १,९२,५८५ आणि पुढच्या महिन्याचे व्याज १,९२६ रुपये होते. बँकेच्या खातेउताऱ्यात या दोन रकमा वेगळ्या दाखवल्या असतील तर व्याजाचा रकाना 'इंटरेस्ट' आणि मुद्दलाचा पी-ए-एलचा 'प्रिन्सिपल' असतो.

दिवाळीत विक्री चांगली झाली आणि गटाने वीस हजार जादा भरले, तर ईमेलमध्ये ही रक्कम मुद्दलात जमा करा असे लिहावे लागते. तसे न लिहिल्यास ती पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून धरली जाऊ शकते. मुद्दलात गेली तर पुढच्या महिन्याचे व्याज २०० रुपयांनी कमी होते. इथे पी-एल-ई लिहिले तर बँकेतला माणूस संदर्भावरून बहुधा समजून घेईल, पण पैशाच्या पत्रात 'बहुधा'वर कशाला राहायचे? इंग्रजी शब्दाशेजारी मराठीत 'मुद्दल' असे लिहून टाका, म्हणजे दुसरा अर्थ निघायला जागाच उरणार नाही.

दुसरी जोडी 'स्टेशनरी'ची. शेवटी ई-आर-वाय असेल तर वह्या, फाइली, पाकिटे. ए-आर-वाय असेल तर एका जागी स्थिर, न हलणारे. खूण अशी: पाकिटाला एन्व्हलप म्हणतात आणि ते इंग्रजीत ई अक्षराने सुरू होते, म्हणून कागदाच्या स्टेशनरीत ई. आणि 'अचल' इंग्रजी अक्षरांत लिहिले तर पहिले अक्षर ए, म्हणून न हलणाऱ्या स्टेशनरीत ए.

गंमत म्हणजे दोन्ही शब्द मुळात एकाच घरचे. जुन्या काळी युरोपात बहुतेक विक्रेते फिरून माल विकत. एका जागी दुकान मांडून पुस्तके नि कागद विकणाऱ्याला 'स्टेशनर' म्हणत, आणि त्याच्याकडचा माल तो स्टेशनरी.

समजा, कागदी फाइली करणाऱ्या गटाने कॉलेजला दरपत्रक पाठवले आणि विषयाच्या ओळीत ए-आर-वाय लिहिले. वाचणाऱ्याला अर्थ कळेल. पण महिन्याभराने तिथल्या लिपिकाने आलेली दरपत्रके काढण्यासाठी ईमेलमध्ये ई-आर-वायचा शब्द टाकून शोधले, तर चुकीच्या अक्षराचे आपले पत्र यादीत येईलच असे नाही. आपला दर कमी असूनही कुणाच्या नजरेस पडणार नाही. त्याच पत्रावर 'प्रति, प्राचार्य' लिहिताना पी-ए-एल येते, हेही ध्यानात ठेवा.

एक शेवटची गोष्ट. चुकीच्या शब्दाखाली मोबाईल लाल रेघ ओढतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण या जोड्यांत दोन्ही शब्द शब्दकोशात बरोबर आहेत, त्यामुळे लाल रेघ येत नाही. बोलून टाइप केले तरी मोबाईल अंदाजानेच अक्षरे निवडतो. म्हणून पाठवण्याआधी त्या शब्दाच्या जागी मराठी शब्द ठेवून वाक्य वाचा. मुद्दल, प्राचार्य किंवा मुख्य बसत असेल तर पी-ए-एल. तत्त्व बसत असेल तर पी-एल-ई. कागद-पाकिटे बसत असतील तर ई, अचल बसत असेल तर ए. या चार ओळी गटाच्या इतिवृत्त वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, म्हणजे सचिव बदलली तरी नव्या ताईला त्या तिथेच सापडतील.