थंडीतला धूर वर का जात नाही?

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पुण्यातल्या एखाद्या टेकडीवरून खाली पाहिलं, तर शहरावर धुराचा करडा थर पसरलेला दिसतो आणि त्याची वरची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ असते. थंड हवा जड, म्हणून धूर खाली बसतो, असं आपण सहज म्हणतो. पण धूर निघतो तेव्हा गरम असतो आणि वरच जातो. तो मध्येच का थांबतो, हे वरच्या हवेलाच विचारायला हवं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि तिला टेकलेली हवा गारठते. वरची हवा तेवढी गारठत नाही. एरवी उंचीबरोबर उतरणारं तापमान मग काही अंतरापर्यंत चढत जातं. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात.

समजा, जमिनीलगत १० अंश आहे आणि शंभर मीटरवर १४. शेकोटीचा धूर भोवतालच्या हवेत मिसळून १२ अंशांवर आला आणि वर निघाला. वर जाणारी हवा फुगते आणि शंभर मीटरमागे साधारण एक अंश निवते. चाळीस मीटरवर धूर ११.६ अंशांचा होतो आणि भोवतालची हवाही ११.६ अंशांचीच असते. तिथे त्याची चढण संपते आणि तो आडवा पसरतो. उबदार थर त्याला दाबत नाही. त्या थरात धूरच थंड आणि जड ठरतो, इतकंच.

कुणी म्हणेल, गरम हवा वर जाते, मग तो थरच निघून का जात नाही? कारण तो आधीच वर आहे. हलकं वर, जड खाली, ही रचना मोडायला काही कारणच उरत नाही. हिवाळ्यात जाळणंही जास्त असतं, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण वारा नसताना, हजार मीटर उंचीत मिसळणारा तेवढाच धूर शंभर मीटरमध्ये कोंडला, तर तो दहापट दाट होतो. धुक्याला मात्र नुसती विपरीतता पुरत नाही, हवेत पुरेसा ओलावा लागतो. दाट धुकं ऊन अडवतं, जमीन तापत नाही आणि कोंडी लांबते. लंडनमध्ये १९५२ साली ५ ते ९ डिसेंबर अशी ती टिकली. तेव्हाच्या अंदाजाने सुमारे चार हजार माणसं दगावली.

आपल्याकडे सहसा ऊन चढलं की जमीन तापते आणि कोंडी फुटते. पण फुटताना वर अडकलेला धूर आधी खाली ढवळला जातो, म्हणून सूर्योदयानंतरचा काही काळ जास्तच वाईट असू शकतो. दम्याच्या रुग्णांनी फिरायला निघण्याआधी समोरचा धूर पाहावा. तो आडवा पसरत असेल, तर थोडं थांबावं.