ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या बौद्ध कुटुंबांस
(समाजकेंद्रातील स्वागतपर भाषण)



आपणांपैकी कोणी तुमसरहून आले, कोणी साकोलीहून, कोणी ज्या गावी प्राचीन स्तूपांचे अवशेष सापडले त्या पवनीहून. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब जेथून उभे राहिले, त्या भंडाऱ्याचाच मीही. तेथील न्यायालयात काही वर्षे वकिली केली. म्हणून मी आपले स्वागत कायद्याच्या दोन गोष्टी सांगून करणार आहे. माणसाला तेच येते त्याने सांगावे!

सातासमुद्रापलीकडे आलो, आता जात सुटली, असे आपणांस वाटत असेल. इंग्रज मालक आपली जात विचारणार नाही, हे खरे. पण आपल्याच देशातून आलेला व्यवस्थापक पहिल्याच आठवड्यात आडनाव विचारील, नंतर गाव विचारील, आणि पुढे त्याची वागणूक बदलेल. असे झाले तर येथील कायदा आपल्या बाजूने आहे काय?

आहे, परंतु सरळ शब्दांत नाही. येथील २०१० च्या समता कायद्यात 'वंश' या शब्दाखाली रंग, राष्ट्रीयत्व आणि वांशिक उद्भव येतात. 'जात' हा शब्द तेथे नाही. तो घालण्याचे बंधन संसदेने २०१३ मध्ये सरकारवर टाकले. सरकारने मात्र जुलै २०१८ मध्ये, न्यायालयाचे निर्णय पुरेसे आहेत, असे म्हणून ते काम सोडून दिले. माझ्या मते ही टाळाटाळ झाली. पण आपल्याला कायदा जसा आहे तसाच वापरावा लागतो.

ज्या निर्णयाकडे सरकारने बोट दाखविले, त्याची हकीकत ऐका. बिहारकडील एक आदिवासी भगिनी मिल्टन कीन्स या गावी एका भारतीय कुटुंबात घरकामास होती. साडेचार वर्षे, आठवड्याचे सातही दिवस, दिवसाला अठरा तास काम, निजणे जमिनीवर, पासपोर्ट मालकांच्या ताब्यात. मजुरीचा हिशेब केला तेव्हा तासाला अकरा पेन्स भरले. तिने दावा केला. जात कायद्यात नाही, म्हणून दाव्याचा तो भाग काढून टाकावा, असे मालकांचे म्हणणे होते. डिसेंबर २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ते नाकारले. जन्म व कुळ यांवरून येणारी जात 'वांशिक उद्भव' या शब्दांत बसू शकते, असे त्याने म्हटले. सप्टेंबर २०१५ मध्ये केवळ किमान वेतनाच्या थकबाकीपोटी तिला पावणेदोन लाखांहून अधिक पौंड देण्याचा हुकूम झाला.

'बसू शकते' या शब्दांकडे लक्ष द्या. प्रत्येक वेळी बसेलच असे नाही. ते पुराव्यावर ठरते. म्हणून तक्रार लिहिताना नुसते 'जातीवरून' असे लिहून थांबू नका. 'वांशिक उद्भवावरून' असेही लिहा. आपण बौद्ध म्हणून त्रास झाला असेल, तर 'धर्मावरून' असेही लिहा, कारण धर्म त्या कायद्यात स्पष्टपणे नमूद आहे आणि त्यासाठी वाद घालावा लागत नाही. कोण काय बोलले, कोणत्या दिवशी, कोण हजर होते, हे त्याच रात्री वहीत टिपून ठेवा. न्यायाधिकरणाकडे जाण्यापूर्वी 'एकास' या सरकारी सलोखा संस्थेकडे नोंद करावी लागते. ती घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करा. मुदत गेली म्हणून चांगली प्रकरणे बुडतात. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून दाव्याला शुल्क पडत नाही.

या कायद्याची धाव नोकरी, शाळा, दुकान, भाड्याचे घर येथवर आहे. शेजाऱ्याने जेवायला बोलावले नाही, तर त्याला न्यायालय काही करणार नाही.

आता पासपोर्ट. मालक म्हणेल, 'सुरक्षित ठेवतो.' देऊ नका. आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारच्या मालकीचा असतो. मालकाला तो अडकवून ठेवण्याचा काडीचाही हक्क नाही. प्रत काढू द्या, मूळ परत घ्या. ज्यांचा व्हिसा मालकाच्या पुरस्कारावर आहे, त्यांची भीती मी जाणतो. नोकरी सुटली तर गृहखाते पत्र पाठवून बहुधा साठ दिवसांची मुदत देते; व्हिसा त्याहून कमी उरला असेल तर तेवढीच. त्या मुदतीत दुसरा पुरस्कर्ता शोधावा लागतो. तेव्हा भांडण अंगावर येण्याआधीच सल्ला घ्या, राजीनामा देऊन नंतर नव्हे.

शेवटी एक. ज्या घरी येथे बाळ होईल, त्यांनी आई-बापांपैकी कोणी येथे कायमचा रहिवासी किंवा नागरिक नसेल तर ते बाळ ब्रिटिश ठरत नाही, हे ध्यानात ठेवावे. जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद करा. वर्ष उलटले की केंद्र सरकारची परवानगी मागत बसावे लागते.

चहा झाला की मी त्या कोपऱ्यातील मेजावर बसतो. ज्यांच्याजवळ नेमणुकीचे पत्र असेल त्यांनी ते घेऊन यावे; आपण एकत्र वाचू.