तळ्याचा आकार कोण ठरवतं?



सर्जापूर रोडवरच्या या हॉलमध्ये बसलेल्या निम्म्या मंडळींची जमीन मराठवाड्यात किंवा नगर-सोलापूरकडे आहे. उरलेल्यांपैकी काहींनी सर्जापूरच्या पुढे, आनेकलच्या बाजूला दोन-चार एकर लाल माती घेतली आहे. अध्यक्ष म्हणून बोलवलंत, पण मी साधा मृदसंधारणाचा माणूस. तेव्हा एकाच तळ्याचा हिशेब तुमच्यासमोर मांडतो.

महाराष्ट्रात 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ आलं आणि 30 बाय 30 बाय 3 मीटर हा आकडा लोकांच्या तोंडी बसला. इकडे कर्नाटकात 2014 पासून ‘कृषी भाग्य’मधून कृषी होंडा खोदले गेले. दोन्हीकडे माणूस आधी ‘कुठल्या मापाचं बसतं?’ विचारतो आणि पाणी येणार किती, हे मागाहून. मीही भावाच्या शेतात तेच केलं. तीस बाय तीसचं तळं खोदलं आणि चार पावसाळ्यांत पाण्याची रेघ निम्म्याच्या वर चढली नाही. तळ्याच्या उतारावर वाळलेल्या गाळाचे पट्टे राहतात ना, ते वाचायला शिका. सगळ्यात वरचा पट्टा म्हणजे तुमच्या पाणलोटाची खरी ऐपत.

आता या भागातलंच उदाहरण घेऊ. वरच्या अंगाला दोन हेक्टर जमीन, सौम्य उतार. बंगळुरूचा सरासरी पाऊस नऊशे मिलिमीटरच्या आसपास असला, तरी चारपैकी तीन वर्षं हमखास मिळेल असा पाऊस धरायचा, समजा 700. लाल मातीतून त्यातला दहावा हिस्सा वाहून येतो असं धरलं, तर 70 मिलिमीटर, म्हणजे 1400 घनमीटर. हा झाला कागद. शेतात फिरल्यावर दिसतं, की अर्ध्या जमिनीचं पाणी मधल्या बांधाने आणि रस्त्याच्या गटाराने भलतीकडे वळलंय. हाती उरले 700. म्हणून नकाशा बाजूला ठेवून एखाद्या जोराच्या सरीत छत्री घेऊन उभं राहा.

गरज किती? एक एकर नाचणीला ताण पडेल तेव्हा पाच-पाच सेंटिमीटरची दोन संरक्षित पाणी. त्याचे 400 घनमीटर, वाटेतली गळती धरून 500. म्हणजे सातशेत भागायला हवं. भागतं का, ते तळ्याच्या आकारावर आहे.

इथे उघड्या पाण्याचं बाष्पीभवन दिवसाला साधारण 4 मिलिमीटर धरू. मुरमाळ तळातून पाझर 20 धरला, तर पातळी रोज 24 मिलिमीटर उतरते. साठ दिवसांत जवळजवळ दीड मीटर. हेच 700 घनमीटर पाणी दोन तळ्यांत ओतून पाहू. दोन्हींची खोली तीन मीटर, बाजूंचा उतार दीडास एक. तीस बाय तीसच्या तळ्यात ते जेमतेम 1.3 मीटर उभं राहतं, म्हणजे साठाव्या दिवसाआधीच तळ कोरडा. वीस बाय वीसच्या तळ्यात तेच पाणी 2.9 मीटर चढतं आणि साठ दिवसांनी अडीचशे घनमीटर शिल्लक असतं. खोल पाण्याचा दाब जास्त, म्हणून सुरुवातीचा पाझर थोडा वाढेल. तरी निकाल उलटत नाही. लहान तळ्यात एक पाणी तरी मिळालं, मोठ्यात एकही नाही. त्याच लहान तळ्याला प्लॅस्टिकचं अस्तर घातलं, तर फक्त बाष्पीभवन उरतं. मग सहाशेच्या पुढे पाणी राहतं आणि दोन्ही पाळ्या निघतात.

पाझराचा आकडा मात्र माझ्याकडून उसना घेऊ नका. तळ्यात खुणा केलेली काठी रोवा. शेजारी पाण्याने भरलेलं घमेलं उघड्यावर ठेवा. पाऊस नसलेले आठ दिवस, रोज सकाळी एकाच वेळी, दोन्ही पाहा. घमेल्यात उतरलं ते ढोबळमानाने उन्हाने नेलेलं, तळ्यात त्याहून जास्त उतरलं ते जमिनीने. घमेलं लवकर तापतं म्हणून त्याचा आकडा थोडा फुगलेला असतो, तेवढी सूट द्या. पहिल्या वर्षी पाझर भरपूर दिसेल. गाळ बसला की कमी होतो. पण गाळ जागाही खातो, म्हणून आत येणाऱ्या चारीच्या तोंडाशी एक छोटा गाळखड्डा हवाच.

अस्तराची घाई मात्र सरसकट करू नका. या पठारावरची केरे, म्हणजे जुने तलाव, एकाखाली एक सांडत आले, आणि त्यांचा पाझर खालच्या विहिरींना मिळत आला. तुमची विहीर तळ्याच्या खालच्या अंगाला असेल, तर पाझरलेलं पाणी तिथून उपसता येईल. अस्तराचा खर्च वाचला.

आणि अस्तर घालून बोअरच्या पाण्याने तळं भरणाऱ्यांना माझा हिशेब लागूच नाही. तिथे पाणलोट नाही, पाझर नाही, उरतं फक्त खोलातून उपसलेलं पाणी उन्हात ठेवणं. द्राक्षपट्ट्यात मी अशी तळी मोजली आहेत. दुपारच्या सत्रात त्यांचे आकडे फळ्यावर मांडतो. विरोध करणाऱ्यांनी पुढच्या रांगेत बसावं.