अहवाल वाचतो कोण?

गावोगावी व्याख्यानमाला चालवणाऱ्या संयोजक मित्रमैत्रिणींनो,

1875 साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिथपासून आजवरचा आढावा मी अध्यक्ष म्हणून घ्यावा अशी सूचना होती. तो छापील प्रतीत आहे, सवडीनं वाचा. मला मात्र अनेक वर्षं मनात साचलेलं बोलायचं आहे. प्रायोजक टिकत नाहीत म्हणून आपण रडतो, पण त्यांना पाठवलेला अहवाल आपल्यापैकी कितीजणांनी प्रायोजकाच्या खुर्चीत बसून वाचला आहे?

आपला अहवाल कसा असतो? दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पुन्हा शाल-श्रीफळ, मग आपल्या कार्यकारिणीचा समूहफोटो. मजकुरात ‘रसिकांचा उदंड प्रतिसाद’. प्रायोजकाचं नाव शेवटच्या पानावर, ध्वनिक्षेपकवाल्याच्या शेजारी. हा अहवाल आपण आपल्यासाठीच लिहिलेला असतो.

तो वाचतो कोण, ते सांगतो. पतपेढीचे शाखाधिकारी आपल्याला ओळखतात, व्याख्यानाला येतातही. पण रक्कम ते मंजूर करत नाहीत. त्यांना तो कागद संचालक मंडळापुढे ठेवावा लागतो आणि तिथं व्याख्यान न ऐकलेला एखादा संचालक विचारतो, ‘यातून आपल्याला काय मिळालं?’ त्या क्षणी शाखाधिकाऱ्यांच्या हातात उत्तर असावं, एवढ्यासाठीच अहवाल असतो.

पहिलं उत्तर आकड्यांचं. समजा, तीन संध्याकाळी अनुक्रमे 240, 165 आणि 210 माणसं आली. आपण लिहितो, ‘615 रसिकांनी लाभ घेतला’. हे खोटं आहे. ती 615 हजेरी झाली. तिन्ही दिवस येणारे आजोबा त्यात तीनदा मोजले गेले. दारातल्या वहीत नाव आणि वस्ती लिहून घेतली, तर वेगळी माणसं साडेतीनशेच्या आसपास निघतील. दोन्ही आकडे लिहा, वेगवेगळे लिहा. मोजायची रीत सोपी आहे. खुर्च्या सारख्या रांगांत मांडायच्या आणि व्याख्यान सुरू झाल्यावर अर्ध्या तासानं रिकाम्या मोजून वजा करायच्या. उभे राहिलेले वेगळे. फेसबुकवरचा ‘रीच’ या बेरजेत मिसळू नका. बोटानं वर सरकवताना ज्याच्या पडद्यावर आपलं चित्र क्षणभर आलं, तोही त्यात धरलेला असतो.

कमी आकडा लिहावा का, यावर सकाळच्या सत्रात बराच वाद झाला. एका वर्षी दुसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला आणि जेमतेम साठ माणसं जमली. आमचे चिटणीस म्हणाले, दोनशे लिहू, कोण मोजायला येतंय? मी साठच लिहायला लावले, पावसाचा उल्लेख करून. प्रायोजक सराफ त्या संध्याकाळी मागच्या रांगेत बसले होते, हे आम्हाला नंतर कळलं. पुढच्या वर्षीचा धनादेश देताना ते एवढंच म्हणाले, ‘साठ बरोबर होते.’ माझ्या दृष्टीनं वाद तिथंच मिटला.

दुसरं उत्तर फोटोचं. प्रायोजकाचा फलक आपण वक्त्याच्या मागे लावतो. समोरून फोटो काढला की फलक दिसतो, पण श्रोत्यांच्या फक्त पाठी दिसतात. मंचावरून काढला तर चेहरे दिसतात आणि फलक गायब. म्हणून दुसरा फलक सभागृहाच्या मागच्या भिंतीवर, डोक्यांच्या वर लावा आणि मंचाच्या कोपऱ्यातून फोटो घ्या. माणसं स्थिरावल्यावर घ्या, आधी घेतलात तर रिकाम्या खुर्च्या येतील. असे चार फोटो पुरेत, प्रत्येकाखाली तारीख आणि प्रसंग. जाड अल्बम कपाटात जातो, दोन पानं संचालकांच्या हातोहात फिरतात.

आभार थोडक्यात, पण नेमके माना. ‘आपल्या सहकार्यामुळे’ हे कुणालाही लिहिता येतं. ‘आपल्या रकमेतून सभागृहाचं भाडं आणि वक्त्यांचा प्रवास भागला’ हे त्या एकालाच लिहिता येतं. फलक, निवेदनातला उल्लेख, राखीव खुर्च्या असं जे कबूल केलं होतं, त्यातलं काय झालं आणि काय राहिलं, तेही लिहा.

आता माझी खरी तक्रार. डिसेंबरच्या व्याख्यानमालेचा अहवाल आपण पुढच्या नोव्हेंबरात, नव्या मागणीपत्राला जोडून नेतो. पतपेढीचं अंदाजपत्रक मार्चअखेर ठरतं. तेव्हा आपण गप्प, मग नोव्हेंबरात तरतूद कुठून येणार? पंधरा दिवसांत अहवाल द्या. शेवटी पुढच्या वर्षीच्या तारखा आणि अपेक्षित रक्कम लिहा आणि फेब्रुवारीत भेटीची वेळ मागा.

सर्वांसाठी एक सामाईक नमुना तयार व्हावा, त्यासाठी समिती नेमावी, असं मी सुचवतो. समितीत कोण, ते जेवणानंतर ठरवू. मात्र ‘उदंड प्रतिसाद’ लिहिणाऱ्याला त्या समितीत घ्यायला माझा ठाम विरोध राहील, हे इतिवृत्तात नोंदवा.